फुलीच्या घरात उजेड कोण देणार?

मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची आली होती. सातवीतून आठवीत गेलेली. दुपारी उन्हात बाहेर सोडायची सोय नाही, म्हणून गणिताच्या चौकटीच्या वहीत मी तिला एक पट आखून दिला. सहा घरं आडवी, सहा उभी. त्यातली सहा घरं काळ्या भिंती, आणि पाच भिंतींवर आकडे. बाकीच्या पांढऱ्या घरांत दिवे लावायचे आणि सगळं दालन उजळून टाकायचं, एवढंच काम. अर्ध्या तासात तिने सात दिवे लावले आणि एक सोडून सगळी घरं उजळली. ते एक घर मात्र काही केल्या उजळेना. वही माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "मावशी, तुझं कोडंच चुकलंय."

कोडं बरोबर होतं. सातपैकी सहा दिवेही अगदी बरोबर होते. सातवा दिवा अशा घरात होता जिथे तो कधीच बसू शकत नाही, आणि तसं सांगणाऱ्या दोन खुणा पटावर हजर होत्या. त्या खुणा कशा वाचायच्या, हेच या कोड्याचं मर्म आहे.

हे कोडं जपानचं. सुडोकूला 'सुडोकू' या नावाने लोकप्रिय करणाऱ्या तोक्योच्या निकोली या प्रकाशनसंस्थेने ते २००१ साली आणलं. जपानीत त्याचं नाव 'बिजुत्सुकान', म्हणजे कलादालन. बाहेरच्या देशांत ते 'अकारी', म्हणजे उजेड, या नावाने गेलं आणि इंग्रजीत त्याला 'लाइट अप' म्हणतात. मला स्वतःला कलादालन हेच नाव जास्त आवडतं. भिंतींच्या आडोशाने तुटलेली दालनं, आणि एकही कोपरा अंधारात राहू नये म्हणून दिवे कुठे टांगायचे याचा विचार करत फिरणारा माणूस, असं चित्र त्यातून लगेच उभं राहतं.

नियम चार ओळींत संपतात. पांढऱ्या घरात लावलेल्या दिव्याचा उजेड वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे सरळ जातो आणि भिंत किंवा पटाची कड लागली की थांबतो. तिरका उजेड पडत नाही. प्रत्येक पांढरं घर उजळलं पाहिजे, पण एका दिव्याचा उजेड दुसऱ्या दिव्यावर पडता कामा नये. भिंतीवर आकडा असेल तर त्या भिंतीला चिकटून, म्हणजे तिच्या चार बाजूंच्या घरांत, बरोबर तितकेच दिवे हवेत. भिंत कोरी असेल तर तिच्याभोवती कितीही दिवे चालतात.

शेवटच्या नियमावर नवखा माणूस हमखास अडखळतो. कोरी भिंत म्हणजे शून्य, असं तो धरून चालतो. शून्याची भिंत ठामपणे सांगते की माझ्याशेजारी एकही दिवा नाही. कोरी भिंत काहीच सांगत नाही, ती फक्त उजेड अडवते.

माझ्या वहीतला पट असा होता. उभ्या रांगांना क ते छ अशी अक्षरं दिली आहेत आणि आडव्या ओळींना आकडे, म्हणजे एखादं घर दाखवायचं झालं तर 'घ५' एवढं म्हटलं की पुरे.

```
    क  ख  ग  घ  च  छ
१   □  □  □  □  □  □
२   □  ३  □  □  ०  □
३   □  □  १  □  □  □
४   □  □  □  ■  □  □
५   □  २  □  □  १  □
६   □  □  □  □  □  □
```

हा पट कागदावर उतरवून पेन्सिल हातात घेतलीत तर पुढचं वाचायला सोपं जाईल. तीन खुणा लागतील. दिव्यासाठी छोटं वर्तुळ. उजेडासाठी दिव्यापासून भिंतीपर्यंत ओढलेली फिकट रेघ. आणि जिथे दिवा लावता येणार नाही तिथे फुली.

फुली आणि रेघ या दोन खुणा वेगळ्या ठेवायला मी आग्रहाने सांगते. रेघ गेलेल्या घरात उजेड आहे, म्हणून तिथे दिवा लावता येत नाही. त्या घराचं काम संपलं. फुलीच्या घरातही दिवा लावता येत नाही, पण तिथे उजेड पोचला आहे असं अजिबात नाही. ते घर अंधारात आहे आणि स्वतःचा दिवा स्वतः लावू शकत नाही, म्हणजे त्याला उजेड दुसऱ्या कुणाकडून तरी मिळालाच पाहिजे. कोडं अडलं की अशा घराकडे जायचं आणि विचारायचं, याला उजेड कोण देणार? बहुतेक वेळा उत्तर देणारं एकच घर उरलेलं असतं. भाचीने दिवे आणि रेघा काढल्या होत्या, फुल्या मारल्याच नव्हत्या. इतकं सगळं डोक्यात ठेवायला गेलं की एखादी फुली निसटतेच.

सुरुवात शून्यापासून करू. च२ वर शून्य आहे, म्हणून त्याच्या चारही शेजारी, च१, घ२, छ२ आणि च३ मध्ये, फुली. अजून एकही दिवा लागलेला नाही, पण या चार फुल्या पुढे फार कामाला येणार आहेत.

आता ख२ वरचा ३ आणि ग३ वरचा १ एकत्र बघा. दोन्ही भिंती एकमेकींना तिरक्या लागून आहेत, म्हणून त्यांची दोन घरं सामाईक आहेत: ग२ आणि ख३. तीनला आपल्या चार शेजाऱ्यांपैकी तीन घरांत दिवे हवेत, म्हणजे फक्त एक घर रिकामं राहू शकतं. त्यामुळे ग२ आणि ख३ दोन्ही रिकामी राहणं शक्य नाही. पण एकला एकच दिवा चालतो, म्हणून दोन्ही भरणंही शक्य नाही. त्या दोनपैकी एकात दिवा, एक रिकामं. नक्की कोणतं, ते अजून कळलेलं नाही, आणि तरीही बरंच काही हाती लागतं. तीनचं रिकामं घर या दोनांतच आहे, म्हणून त्याचे उरलेले दोन शेजारी, ख१ आणि क२, तिथे दिवे लागलेच. आणि एकचा एकमेव दिवा या दोनांतच जाणार, म्हणून त्याचे उरलेले शेजारी, घ३ आणि ग४, तिथे फुली. तिरक्या ३-१ ची ही जोडी पटावर दिसली की तिकडेच आधी जावं.

ख१ च्या दिव्याने पहिली ओळ टोकापासून टोकापर्यंत उजळली. क२ च्या दिव्याने क रांग वरपासून खालपर्यंत उजळली. रेघा ओढून घ्या.

आता घ३ कडे वळू. तिथे फुली आहे आणि अंधार आहे. याला उजेड कोण देणार? डावीकडे लगेच १ ची भिंत. खाली घ४ ची कोरी भिंत. वर घ२, तिथे शून्यामुळे फुली. त्याच्या वर घ१, पण तिथे ख१ चा उजेड आधीच आहे, त्यामुळे तिथे दुसरा दिवा बसत नाही. उजवीकडे च३, तिथेही शून्याची फुली. राहता राहिलं छ३. तिथे दिवा लावल्याशिवाय घ३ उजळण्याचा दुसरा मार्ग नाही, म्हणून छ३ मध्ये दिवा. गंमत बघा, छ३ च्या शेजारी एकही आकडा नाही. त्याच्याबद्दल थेट सांगणारं पटावर कुणीच नव्हतं. दोन घरं पलीकडच्या एका फुलीने त्याचा निकाल लावला. छ३ चा दिवा डावीकडे घ३ पर्यंत जातो आणि छ रांग पूर्ण उजळतो.

तोच प्रश्न आता घ२ ला. उजवीकडे शून्याची भिंत. वर घ१ उजळलेलं, खाली घ३ फुलीचं. डावीकडे ग२. त्याच्यापलीकडे तीनची भिंत. म्हणजे ग२ मध्येच दिवा. मघाशी ग२ की ख३ हा प्रश्न आपण सोडून दिला होता, त्याचं उत्तर असं आपोआप चालत आलं. तीनचे तीन दिवे झाले, एकचा एक झाला, आणि ख३ वर फुली पडली.

मग लगेच ख३ ला विचारायचं. वर तीनची भिंत, उजवीकडे एकची भिंत, डावीकडे क३ क२ च्या दिव्याने उजळलेलं. खाली ख४, आणि त्याच्या खाली दोनची भिंत. म्हणून ख४ मध्ये दिवा. याच दिव्याने शेजारचं ग४ ही उजळलं, त्याच्या फुलीची काळजी मिटली.

च४ ची गोष्ट थोडी निराळी. तिथे फुली नाही. पण डावीकडे कोरी भिंत आहे, खाली १ ची भिंत, वर च३ वर फुली आणि त्याच्या वर शून्याची भिंत, उजवीकडे छ४ आधीच उजळलेलं. च४ ला बाहेरून उजेड देणारं कुणीच नाही. ज्याला कुणी उजेड देऊ शकत नाही, त्याने आपला दिवा आपण लावायचा. च४ मध्ये दिवा. तो कोऱ्या भिंतीला चिकटून बसला आहे, आणि कोरी भिंत त्याला हरकत घेत नाही.

इथपर्यंत भाचीचे सहाही दिवे हेच होते. तिने ते नजरेने आणि अंदाजाने लावले होते, पण बरोबर लावले होते. आता उरलं होतं खालच्या दोन ओळींमधलं काम, आणि सातवा दिवा तिने लावला ग६ मध्ये. दिसायला तो फार छान दिसतो. एका झटक्यात सहावी ओळ सगळी उजळते, वर ग५ उजळतं, पटावर एकच घर काळोखात राहतं: घ५. आणि घ५ मध्ये दिवा लावता येत नाही, कारण च५ च्या भिंतीवर १ आहे आणि तिचा एक दिवा च४ मध्ये आधीच लागून गेला आहे.

तिने इथे फुल्या मारल्या असत्या तर काय झालं असतं ते पाहू. च४ मध्ये दिवा लागताच च५ चा १ भागला. म्हणून त्याचे उरलेले शेजारी, घ५ आणि च६, यांच्यावर फुली. (छ५ वर उजेड आहेच.) घ५ ला उजेड कोण देणार? वर भिंत, उजवीकडे भिंत. डावीकडे ग५, खाली घ६. या वेळी दोन दावेदार आहेत, आणि त्यांतला कोणता खरा हे लगेच ठरत नाही. इथे माणूस थांबतो आणि अंदाज करायला लागतो.

पण दावेदार दोन असले तरी एक गोष्ट ठरते. त्या दोघांपैकी एकाला तरी दिवा व्हावंच लागणार. मग असं एखादं घर आहे का, जिथे दिवा लावला तर त्याचा उजेड ग५ वरही पडेल आणि घ६ वरही? असलं तर तिथला दिवा दोन्ही दावेदारांना एकदम बाद करेल आणि घ५ कायमचं अंधारात राहील. तसं घर आहे: ग६. ते ग५ च्या बरोबर खाली आहे आणि घ६ च्या बरोबर डावीकडे. म्हणून ग६ मध्ये दिवा कधीच लागू शकत नाही. तिथे फुली.

मला या कोड्यातलं हे सर्वांत सुंदर पाऊल वाटतं. ग५ आणि घ६ यांच्यातला वाद मिटलेला नाही, आणि त्या वादातूनच तिसऱ्या घराबद्दल पक्कं विधान निघतं.

त्याच घरावर फुली मारायला दुसरी वाटही आहे, आणि ती ख५ वरच्या दोनवरून जाते. दोनचा एक दिवा ख४ मध्ये लागला. क५ उजळलेलं आहे, म्हणून दुसरा दिवा ग५ किंवा ख६ मध्येच जाणार. ग६ मधला दिवा ग५ वर उजेड टाकतो आणि डावीकडे ख६ वरही टाकतो. म्हणजे दोन उपाशी राहिला. भाचीने हे पाहिलंच नव्हतं. तिच्या पटावर फक्त घ५ मध्ये अंधार होता असं नाही, दोनच्या भिंतीशेजारीही एकच दिवा होता. कोडं चुकलं की माणूस अंधाराचं घर शोधतो आणि तिथेच डोकं धरून बसतो. आकड्यांची मोजणी करून पाहायला मात्र विसरतो.

ही दुसरी वाट सगळ्या पटांवर उपयोगी पडते. एखाद्या आकड्याला जितकी घरं मोकळी आहेत त्याहून एकच कमी दिवा हवा असेल, तर त्याच्या कोपऱ्यातल्या घराकडे बघायचं. चारही बाजू मोकळ्या असलेला ३ घ्या. त्याच्या तिरक्या कोपऱ्यात दिवा लावला तर तो तीनच्या दोन शेजाऱ्यांवर एकदम उजेड टाकतो, म्हणजे दोन्ही बाद, आणि उरतात दोन. तीन पुरे होणार कसे? म्हणून अशा तीनच्या चारही कोपऱ्यांत डोळे झाकून फुली मारावी. पटाच्या कडेला टेकलेल्या २ ला तीनच शेजारी असतात, तिथेही हेच. त्याच्या आतल्या बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांत दिवा बसत नाही. मात्र चारही बाजू मोकळ्या असलेल्या २ च्या कोपऱ्यात ही फुली मारायची नाही. तिथे कोपऱ्यातल्या दिव्याने दोन घरं बाद झाली तरी दोन उरतात आणि आकडा भागतो. सवयीने तिथेही फुली मारणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मग दहा पावलं पुढे गेल्यावर पट बिनसतो, तो कुठे बिनसला ते सापडत नाही.

परत आपल्या पटावर. ग६ वर फुली पडली. आता ग५ कडे बघा. वर ग४ उजळलेलं, डावीकडे भिंत, उजवीकडे घ५ फुलीचं, खाली ग६ फुलीचं. च४ सारखीच अवस्था: बाहेरून उजेड देणारं कुणी नाही. म्हणून ग५ मध्ये दिवा. घ५ उजळलं. दोनचे दोन दिवे झाले, म्हणून ख६ वर फुली. ख६ ला उजेड कोण देणार? वर दोनची भिंत. सहाव्या ओळीत क६ उजळलेलं, ग६ आता ग५ च्या दिव्याने उजळलेलं, च६ वर फुली, छ६ उजळलेलं. उरलं घ६. आठवा दिवा घ६ मध्ये, आणि सगळं दालन उजळलं.

आठपैकी पाच दिव्यांच्या वेळी, घ३, घ२, ख३, घ५ आणि ख६ या फुलीच्या अंधाऱ्या घरांनी वाट दाखवली. पट पुरा झाल्यावर तपासायचं तेही याच क्रमाने: आधी प्रत्येक फुलीच्या घरावरून रेघ गेली आहे ना, मग प्रत्येक आकड्याशेजारचे दिवे मोजायचे, आणि शेवटी प्रत्येक दिव्यापासून भिंतीपर्यंत नजर फिरवून वाटेत दुसरा दिवा नाही ना ते पाहायचं.

प्रत्येक पट इतका सरळ सुटत नाही. मोठ्या पटांवर अशी वेळ येते की फुल्यांना विचारून झालं, कोपरे पाहून झाले, आणि तरी पुढचं पाऊल दिसत नाही. तेव्हा एखाद्या घरात दिवा आहे असं धरून चालावं लागतं आणि विसंगती येते का ते बघावं लागतं. त्यासाठी घर निवडताना मी लांब रांगेतलं, दोन-तीन आकड्यांजवळचं घर घेते, कारण तिथला दिवा एकदम खूप घरांवर परिणाम करतो आणि चूक असेल तर चार-पाच पावलांतच उघडी पडते. विसंगती आली तर हाती लागते ती एक फुली. न आली तर मात्र काहीच सिद्ध झालेलं नसतं, आणि धरून चाललेले सगळे दिवे खोडावे लागतात. ते वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने काढले नसतील तर खरे कुठले आणि धरलेले कुठले हे कळायला मार्ग राहत नाही.

हा अडसर आपल्या कमकुवतपणाचा नाही, तो कोड्याच्या घडणीतच आहे. २००५ साली ब्रँडन मॅकफेल यांनी सिद्ध केलं की हे कोडं 'एनपी-कम्प्लीट' या वर्गात मोडतं. साध्या भाषेत सांगायचं तर, कुणी सुटलेला पट हातात दिला तर तो बरोबर आहे की नाही हे पटकन तपासता येतं, पण कितीही मोठा पट हमखास लवकर सोडवून देईल अशी एकही रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. पट वाढत जातो तसं शोधायचं काम तपासण्याच्या कामापेक्षा कितीतरी वेगाने फुगत जाऊ शकतं. छापून येणारे पट सुटतात, कारण करणाऱ्याने ते सुटावेत म्हणूनच आकडे बेताने पेरलेले असतात.

ते आकडे किती बेताचे असतात, हे आपल्याच पटावर पाहता येतं. ख५ वरचा २ पुसून ती भिंत कोरी केली तर शेवटचा दिवा घ६ मध्येही बसतो आणि ख६ मध्येही. दोन उत्तरं होतात. आणि उत्तर एकच नसेल तर ते कोडं म्हणून चालत नाही. उलट घ४ च्या भिंतीवर १ लिहिला असता तर तो खोटा ठरला नसता, तिच्याशेजारी च४ चा एक दिवा आहेच. पण त्याची गरज नव्हती, म्हणून भिंत कोरी ठेवली.

हे ऐकल्यावर भाचीने खोडरबर घेतलं आणि च५ वरचा १ पुसून टाकला. "आता किती उत्तरं?" म्हणून वही घेऊन गॅलरीत जाऊन बसली. चहाच्या वेळी आली तेव्हा तिच्याजवळ तीन पट होते. तिन्ही बरोबर होते. मी एकेक रेघ तपासली. त्यांतल्या एकात ख६ मध्ये दिवा होता, आणि दुसरा होता घ५ मध्ये, सकाळपासून जिथे तिला तो लावायचा होता तिथेच.